आमची वाटचाल: डोक्यातल्या तारखा कागदावर नव्हे, यादीत

वडिलांनी कुपवाड एमआयडीसीत एका लेथवर जॉबवर्क सुरू केलं, तेव्हा ऑर्डर तोंडी यायची. गिऱ्हाईक ब्लूप्रिंट घेऊन दारात यायचं, चहा व्हायचा, तारीख ठरायची आणि ती तारीख आमच्या फोरमनमामांच्या डोक्यात बसायची. कुठला माल कोल्हापूरहून यायचाय, कुठला हार्डनिंगला गेलाय, हे सगळं त्यांना तोंडपाठ असायचं. पुढे सीएनसी आल्या, ग्राइंडिंग मशीन आलं, पंपांचे स्लीव्ह आणि वेअर रिंग हे आमचं मुख्य काम झालं. गिऱ्हाइकांचं सगळं बोलणं मात्र मेलवर गेलं. परचेस ऑर्डर मेलवर, तिच्यातली दुरुस्ती मेलवर, बदललेलं ड्रॉइंग मेलवर. मामा मेल बघत नसत, आणि मग ते निवृत्तही झाले. तेव्हा मी ठरवलं की यापुढे या वर्कशॉपची एकही तारीख कुणाच्या डोक्यावर अवलंबून ठेवायची नाही. माझ्याही नाही.

मेलची अडचण अशी की तो वाचला की दिसेनासा होतो. न वाचलेला मेल ठळक अक्षरांत डोळ्यासमोर असतो, वाचला की खाली सरकतो. ‘नंतर बघू’ म्हणून त्यावर फ्लॅग लावला तरी तो फ्लॅग मेलबॉक्सच्या आतच राहतो, आणि दिवसाची सुरुवात आपण त्या खुणा शोधून करत नाही. म्हणून आम्ही ऑफिसचे मेल मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर नेले आणि मायक्रोसॉफ्ट टू डू या अॅपच्या सेटिंग्जमध्ये Flagged email ही यादी चालू केली. आता आउटलुकमध्ये मेलला फ्लॅग लावला की त्याचं काम आपोआप अॅपमध्ये उभं राहतं. कामाच्या आत मूळ मेलची झलक असते आणि तिथूनच पूर्ण मेल उघडता येतो. अॅपमध्ये काम पूर्ण झाल्याची खूण केली की आउटलुकमधल्या फ्लॅगच्या जागीही टिकमार्क येते.

खातं बदलण्याला कारण होतं. आउटलुकमध्ये जीमेलचा पत्ता जोडून त्यातल्या मेलला फ्लॅग लावला, तर तो टू डूमध्ये येत नाही. ज्यांचं सगळं जीमेलवर आहे त्यांनी मेल उघडून Add to Tasks वापरावं. तिथे काम गूगल टास्क्समध्ये तयार होतं आणि त्याला तारीख देता येते. नुसता तारा लावून मात्र काम तयार होत नाही.

आमचं खरं शिक्षण पुढे झालं. एका पंप कंपनीचा 3 तारखेला मेल आला: शाफ्ट स्लीव्हचं ड्रॉइंग बदललंय, एसएस 410 मध्येच करायचंय पण आता हार्डनेस दिलाय आणि बाहेरच्या व्यासाचा टॉलरन्स कमी केलाय. 5 नमुने तपासणी अहवालासह 20 तारखेला पुण्यात पोहोचले पाहिजेत. मेलचा विषय होता ‘RE: RE: FW: Drawing’. फ्लॅग लावला की कामाचं नाव म्हणून हाच विषय येतो, आणि आठवड्याने यादीत तो वाचून काहीच कळत नाही. म्हणून आमचा पहिला नियम म्हणजे नाव तिथल्या तिथे बदलायचं. आम्ही लिहिलं: ‘स्लीव्ह नवीन ड्रॉइंग, 5 नमुने + अहवाल, पुण्यात 20’.

मग Due date. कुणीही 20 टाकेल. पण 20 टाकली तर हे काम 20 तारखेला समोर येईल, आणि तेव्हा हातात फक्त फोन करून माफी मागणं उरेल. आम्ही उलटं मोजलं. 19 ला माल निघायला हवा. ग्राइंडिंग आणि तपासणीला 18 चा दिवस धरला. हार्डनिंग बाहेर होतं, त्याला 13 ते 17. टर्निंग 11 आणि 12. त्यासाठी स्टीलचा बार 10 ला दारात हवा, म्हणजे पुरवठादाराला 4 तारखेला फोन गेलाच पाहिजे. म्हणून Due date टाकली 4.

या कामाखाली टप्पे लिहिता येतात, आणि ते आम्ही लिहिले: बार, टर्निंग, हार्डनिंग, ग्राइंडिंग, अहवाल, रवानगी. पण टू डूमध्ये टप्प्याला स्वतंत्र तारीख देता येत नाही. तारीख एकच, अख्ख्या कामाची. त्यामुळे आमची पद्धत अशी बसली की कामाची Due date म्हणजे नेहमी पुढच्या एका हालचालीची तारीख, आणि गिऱ्हाइकाची शेवटची तारीख नावात. 4 ला बारचा फोन झाला, टप्प्यावर खूण केली आणि तारीख 10 वर सरकवली. बार आला, तारीख 11. टर्निंग उरकलं, तारीख 13. हार्डनिंगला माल गेल्यावर ती 17 वर न नेता 16 वर ठेवली, कारण बाहेरच्या कामाची चौकशी एक दिवस आधी केलेली बरी. त्या चौकशीत कळलं की भट्टीचा लॉट एक दिवस पुढे जाणार आहे. मग ग्राइंडिंग आणि तपासणी 18 च्या रात्रपाळीत घेतली आणि 19 ला माल ठरल्याप्रमाणे निघाला. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचा जीव या एका सवयीत आहे. टप्पा संपला आणि तारीख सरकवली नाही, तर काम लाल होऊन यादीत पडून राहतं. चार-पाच कामं अशी लाल झाली की माणूस लाल रंगाकडे बघणंच सोडतो.

दुसरी नजर ठेवायची ती बिनतारखेच्या फ्लॅगवर. घाईत नुसती टिचकी मारली की कुठे ‘आज’ लागते, तर कुठे तारीखच लागत नाही. बिनतारखेचं काम Flagged email मध्ये दिसतं, पण तारखेनुसार कामं दाखवणाऱ्या Planned यादीत येत नाही, आणि आम्ही सकाळी Planned उघडतो. म्हणून ऑफिसमधल्या ताई संध्याकाळी निघण्यापूर्वी Flagged email वरून खाली बघतात आणि ज्याला तारीख नाही त्याला तारीख देतात किंवा फ्लॅग काढतात. आणखी एक: Due date स्वतःहून घंटी वाजवत नाही. त्यासाठी Remind me वेगळं लावावं लागतं. आम्ही ते फक्त वेळेला बांधलेल्या कामांना लावतो, जसं ट्रान्सपोर्टची गाडी निघण्याआधीचं चलन.

वसुलीलाही हीच पद्धत लावली. माल स्वीकारल्याचा मेल आला की त्यालाच फ्लॅग. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या मालाचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, असं 2006 चा एमएसएमईडी कायदा सांगतो. आम्ही तारीख 38 व्या दिवसाची टाकतो आणि त्या दिवशी त्याच मेलला उत्तर म्हणून बिलाची आठवण पाठवतो. त्यांच्याच पोचपावतीखाली आमचं पत्र जातं, त्यामुळे माल कधी मिळाला यावर वाद होत नाही.

एक मर्यादा सांगायला हवी. Flagged email ची यादी ज्याच्या त्याच्या खात्याची असते, ती दुसऱ्याबरोबर शेअर होत नाही. माझ्या मेलवर आलेलं काम शॉप फ्लोअरवर कसं दिसणार? त्यासाठी आम्ही ‘वर्कशॉप’ नावाची साधी यादी शेअर केली आहे. नव्या ड्रॉइंगसारखं अनेकांचं काम असेल तर ताई त्यात प्रत्येकाच्या वाट्याचं वेगळं काम लिहितात, टप्पे घालतात आणि ते काम त्या त्या माणसाला नेमून देतात. माझ्या फ्लॅगवर फक्त गिऱ्हाइकाला उत्तर द्यायची तारीख उरते. दोन ठिकाणी लिहावं लागतं, तेवढे कष्ट आहेत. पण मागच्या महिन्यात मी लग्नासाठी गावी असताना रवानगीच्या तारखा विचारायला वर्कशॉपमधून एकही फोन आला नाही.