करारातला ‘वरील’ शोधताना

आमची सोसायटी कोथरूडची, पुनर्विकासाला निघालेली. विकासकाकडून विकसन करारनाम्याचा मसुदा आला तो नऊ पानांचा, आणि मधे एकही परिच्छेद नाही. वाक्य सुरू झालं की ‘व’, ‘तसेच’, ‘परंतु’ करत पान ओलांडूनच थांबायचं. बैठकीत कुणी “पान चारवर मध्यभागी आहे ना, तो मुद्दा” म्हणालं की अर्धा वेळ तो मुद्दा शोधण्यातच जायचा. शेवटी मी म्हटलं, याला क्रमांक मी घालतो. आमच्या वकील मॅडमनी एकच अट घातली: “शब्द बदलायचा नाही. बदलावा लागला, तर मला दाखवून.”

आधी छापील प्रतीवर पेन्सिल घेऊन बसलो. कर्ता बदलला की रेघ मारायची: विकासकाने काय करायचं, सभासदांनी काय, संस्थेने काय. एका खंडात एकच जबाबदारी. अशाने चौदा मुख्य खंड निघाले. क्रमांकही त्याच वेळी ठरवले: ५, मग ५.२, मग ५.२.१. अक्षरं मुद्दाम टाळली. मसुद्यात कुठे (अ), (ब), (क), (ड) असा क्रम होता, तर कुठे (क), (ख), (ग). म्हणजे ‘बाब (क)’ एके ठिकाणी तिसरी आणि दुसऱ्या ठिकाणी पहिली! शिवाय ‘कलम’ हा शब्द फक्त कायद्यासाठी राखला, जसं सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ७९अ. करारातला तो ‘खंड’. त्यामुळे पुढे शोधताना दोन्हींची सरमिसळ झाली नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ‘सदर’, ‘उपरोक्त’ आणि ‘वरील’ यांनी. असे एक्केचाळीस उल्लेख होते. बहुतेक सरळ होते, पण हा नव्हता: ‘विकासकाने सदनिका रिकाम्या झाल्यापासून ३० महिन्यांत बांधकाम पूर्ण करावे, अपरिहार्य कारणास्तव ६ महिन्यांची वाढीव मुदत मिळेल व वरील मुदत संपल्यानंतर विलंब झाल्यास दरमहा दंड द्यावा.’ दंड तिसाव्या महिन्यानंतर सुरू की छत्तिसाव्या? सलग वाचताना हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. ५.१, ५.२, ५.३ अशा तीन ओळी केल्यावर ५.३ मध्ये क्रमांक लिहायची वेळ आली आणि मी अडलो. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “हे तुम्ही ठरवायचं नाही, मीही नाही. दोन्ही बाजूंना विचारा.” विकासकाच्या माणसाचं उत्तर आणि आमच्या अध्यक्षांचं उत्तर वेगळं निघालं. दोन बैठका झाल्या, मग लेखी ठरलं: ‘खंड ५.१ मधील मुदत, व खंड ५.२ नुसार वाढ लेखी मंजूर झाली असल्यास ती वाढीव मुदत’.

दुसरी अडचण मराठी वाक्याचीच. आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘भाडे थकल्यास, काम बंद पडल्यास किंवा बँक हमी संपल्यास संस्थेस करार रद्द करता येईल’ याचे तीन तुकडे पाडले, की ‘करार रद्द करता येईल’ हे तिसऱ्यालाच चिकटतं आणि पहिले दोन अधांतरी राहतात. म्हणून शेपूट वर घेतलं: ‘पुढीलपैकी कोणतीही एक गोष्ट घडल्यास संस्थेस करार रद्द करता येईल’, आणि खाली तीन उपखंड. हा बदल मॅडमना दाखवूनच केला.

संगणकावर मग वर्डमध्ये क्रमांक हाताने टाइप केले नाहीत. बहुस्तरीय यादी शीर्षक-शैलींना जोडली. उल्लेखांच्या जागी आधी [[दंड-मुदत]] अशी खुणेची नावं ठेवली आणि रचना पक्की झाल्यावरच `Cross-reference` घातले. मधे खंड वाढला तर सगळं निवडून `Ctrl+A`, मग `F9`, की आकडे सुधारतात. खंड पुसला गेला असेल तर `Error! Reference source not found.` असं ठळक दिसतं. ते पटकन सापडतं.

न दिसणारी चूक मात्र मला महाग पडली असती. ५.२ च्या आधी नवा खंड हवा होता, म्हणून मी ५.२ च्या पहिल्या अक्षराआधी एंटर मारला. उल्लेखाची अदृश्य खूण नव्या ओळीपासून सुरू झाली, आणि ‘वाढीव मुदत’ भलत्याच खंडाकडे बोट दाखवू लागली. कुठेही त्रुटीचा संदेश नाही. नवा खंड घालताना आधीच्या खंडाच्या शेवटी जाऊनच एंटर मारायचा, हे तेव्हा कळलं. त्यानंतर अध्यक्ष आणि मी समोरासमोर बसलो. ते उल्लेख मोठ्याने वाचायचे, मी तो खंड उघडून पहिले चार शब्द वाचायचो. एक्केचाळीस वेळा.

सह्यांच्या आदल्या दिवशी एक वेगळी प्रत काढून `Ctrl+A` आणि `Ctrl+Shift+F9` ने सगळे उल्लेख साध्या मजकुरात बदलले, आणि छपाईला तीच दिली. जिवंत उल्लेखांची फाइल मॅडमकडे आहे, पुढच्या पूरक करारासाठी.