आमची वाटचाल : नऊ दोर आणि सांगोल्याच्या पुढचं वळण

१९९१ साली मेहुण्याच्या भागीदारीत एक जुनी सहाचाकी गाडी घेतली आणि सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत उभी केली. टॉवेलचे कारखाने तेव्हा वाढत होते, सूत बाहेरून यायचं, गाठी बाहेर जायच्या. दोन वर्षांत मेहुणा हिश्श्याचे पैसे घेऊन शेतीकडे वळला. ते बरंच झालं, घरात भांडण नको. पुढे एकाच्या तीन गाड्या झाल्या, ऑफिसला टेलिफोन आला, मुलगी डॉक्टर झाली. हे सगळ्यांचंच होतं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचं आहे ते २००६ च्या ऑगस्टमधल्या एका फेरीबद्दल. त्या फेरीवरून सोलापुरात आमच्याबद्दल जे बोललं गेलं ते अजून बोललं जातं, आणि ते खोटं आहे.

माल होता सुताचा. इचलकरंजीकडच्या एका गिरणीतून साठ-साठ किलोच्या दीडशे बॅगा, म्हणजे नऊ टन. टनेजमध्ये बसणारा माल, ओव्हरलोड अजिबात नाही. पण सूत वजनाला बसलं तरी आकाराला बसत नाही, हे सूत वाहणाऱ्याला सांगायला नको. साखरेची नऊ टन पोती हौद्यात फाळक्याच्या आत राहतात. नऊ टन सूत मात्र फाळक्याच्या वर तीन-साडेतीन फूट जातं. त्यात या बॅगा प्लास्टिकच्या विणीच्या. तागाचं पोतं पोत्याला धरून बसतं, प्लास्टिकची बॅग बॅगेवरून सुटते. नवीन बॅगेवर तळहात फिरवून बघा, कळेल.

गिरणीच्या हमालांनी थप्पी लावली ती सगळे थर एकाच दिशेने. खालच्या दोन बॅगांमध्ये जिथे फट, तिथेच वरच्या थरात फट. भिंत बांधणारा गवंडी असं कधी करत नाही, तो विटेचा सांधा विटेने झाकतो. आमच्याकडेही एक थर लांबीत तर पुढचा रुंदीत, आणि फाळक्याच्या वर गेल्यावर प्रत्येक थर दोन्ही बाजूंनी चार बोटं आत, अशी पद्धत होती. पण मागे दुसरी गाडी हॉर्न मारत उभी, आणि हमाल गिरणीचे, आमचे नव्हेत. आमच्या ड्रायव्हरने, त्यांना आम्ही सगळे मामाच म्हणतो, एकदा सांगितलं. मुकादम म्हणाला, ‘‘आम्ही भरून देतो, बांधायचं तुमचं तुम्ही बघा.’’

मग बांधणी. आडवे नऊ दोर. प्रत्येक दोर एका बाजूच्या कडीत अडकवायचा, मालावरून पलीकडे टाकायचा, तिकडच्या कडीतून घेऊन मामा आणि क्लीनर दोघांनी लटकून ओढायचा आणि गाठ मारायची. दोर चांगले होते, आदल्या दिवाळीलाच घेतलेले. पाऊस भुरभुरत होता म्हणून त्यावरून ताडपत्री ओढली आणि कडेने बारीक दोरीने शिवल्यासारखी बांधून टाकली. चूक झाली ती इथे, आणि तेव्हा ती कुणालाच चूक वाटली नाही. दोर ताडपत्रीखाली गेले. आता त्यांना हात लावायचा म्हणजे सगळी ताडपत्री सोडायची.

सुताची बॅग म्हणजे आत सूत गुंडाळलेले कोन, कोनांच्या मध्ये पोकळी. गाडी हलली की कोन एकमेकांत बसतात आणि बॅग दबते. आठ थर होते. एकेक थर अर्धा इंच जरी दबला तरी माल चार इंच खाली येतो. दोर मालावरून दोन्ही बाजूंनी खाली उतरतो, त्यामुळे चार इंच या बाजूला आणि चार इंच त्या बाजूला, असा आठ इंच ढिला पडतो. आठ इंच ढिला दोर म्हणजे नुसती माळ. आणि ही गोष्ट पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरमध्येच घडते, पुढे फार दबत नाही. म्हणून सांगतो, विचारलं नसलं तरी सांगतो: गाडी भरल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबा, दोर पुन्हा ओढा, आणि शंभरावर आणखी एकदा. चहा त्या दोन थांब्यांवरच प्या.

मामांनी चहा घेतला तो नागज फाट्यावर. ते मला दवाखान्यात म्हणाले ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देतो. ‘‘मालक, चहा पिताना मागून बघितलं, गाडी डावीकडं झुकल्यासारखी दिसली. मला वाटलं डावा पाटा बसला. पाटा बघितला, चांगला होता. मग म्हटलं जागाच उतरती असंल. सांगोल्याच्या पुढं उजवं वळण आलं. मी तिसऱ्यात घेतली होती, पंचेचाळीस असंल, जास्त न्हाई. निम्म्या वळणात मागं धप्प झालं. लगेच आणखी एकदा. आन् स्टेअरिंग हलकं लागलं, हातात काय नसल्यागत. मी उलटं फिरवलं, पण गाडी माझी ऱ्हायलीच न्हवती.’’

गाडी डाव्या अंगावर काळ्या रानात आडवी झाली. क्लीनर डावीकडे बसलेला, त्याची हासळी मोडली. मामांना सहा टाके. बॅगा चिखलात लोळत गेलेल्या.

मी रात्री जीपने पोचलो. बॅटरीच्या उजेडात ताडपत्री फाडून पहिल्यांदा दोर बघितले. नऊच्या नऊ अख्खे. गाठी जशाच्या तशा, कडीतून एकही सुटलेला नाही. एका दोराखाली मी माझा अख्खा हात कोपरापर्यंत घातला आणि दोर वर उचलला. तुटला असता तर पाट्याकडे, वळणाकडे, नशिबाकडे बोट दाखवता आलं असतं. तो नुसता पडला होता.

झुकली का, आणि डावीकडेच का, हे कळायला मला थोडा वेळ लागला. आपला रस्ता मध्ये फुगीर आणि कडांना उतरता असतो, पाणी जावं म्हणून. आपण डावीकडून चालतो. म्हणजे गाडी दिवसभर थोडी डावीकडे कललेलीच धावते, आणि ढिला माल बोटबोट डावीकडेच सरकत राहतो. मग उजवं वळण येतं तेव्हा माल फेकला जातो तोही डावीकडे. चांगल्या वळणाची बाहेरची कड उचललेली असते, तिथे ती नव्हती. आपल्या बाजूला रस्ता उलट बाहेरच उतरत होता. त्यामुळे दोर ढिला असेल तेव्हा मला डाव्या वळणापेक्षा उजव्याची भीती जास्त वाटते.

भाचा तेव्हा सिव्हिलला शिकत होता. त्याला घेऊन मी त्या वळणावर गेलो. दोरी लावून त्याने वळणाची त्रिज्या मापली, साधारण ऐंशी मीटर निघाली. पंचेचाळीसच्या वेगाला, रस्त्याचा उतार न धरताही, मालाला बाहेर ढकलणारा जोर वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढा येतो असं त्याने मांडून दाखवलं. नऊ टनाला पावणेदोन टनांच्या आसपास. माल मधोमध घट्ट असता तर गाडी एवढं सहन करते, कुरकुरत का होईना. पण आधीच झुकलेला वरचा ढीग एकदम फूटभर सरकला, की बोजा डाव्या चाकांवर जातो आणि उजवी उचलतात. पहिला ‘धप्प’ तो. मामांना स्टेअरिंग हलकं लागलं, कारण पुढचं उजवं चाक जमिनीवर उरलंच नव्हतं. आणि हेच वळण तिसाने घेतलं असतं तर तो जोर निम्म्याहून कमी झाला असता. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हे भाच्याने मला तीनदा सांगितलं, चौथ्यांदा मी त्याला सांगितलं.

म्हणजे वेगाचा वाटा नव्हता असं मी म्हणत नाही. कागदावर मात्र ‘अतिवेग’ एवढंच आलं. आणि गावात त्याहून वाईट. आमच्याच लाइनीत गाड्या असलेल्या एकाने, नाव घेत नाही, तो अजून नमस्कार करतो, आठवड्याच्या आत चार कारखान्यांत सांगितलं की ड्रायव्हर प्यायलेला होता. मामा माळकरी. त्यांनी चहाशिवाय काही घेतलेलं मी तीस वर्षांत बघितलं नाही. पुढच्या महिन्यापासून त्या गिरणीचा माल त्याच्या गाड्यांत भरू लागला, बॅगेमागे दोन रुपये कमी घेऊन. गिरणीचे हमाल तेच, थप्पी तीच.

माल कारखान्यात पोचला तेव्हा सदतीस बॅगा गेल्यातच जमा. चिखल लागलेलं सूत एकवेळ गडद रंगात काढता येतं, पण कोन चेपला की सूत उलगडताना तुटत राहतं, आणि ते कुणालाच नको असतं. तेव्हा कळलं की गाडीचा विमा मालाला लागत नाही. मालाचा विमा वेगळा, तो ना गिरणीने काढलेला, ना आम्ही विचारलेला. बिल्टी फाडण्याआधी हा प्रश्न विचारा.

कारखान्याचे शेठजी पद्मशाली, घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. त्यांनी सदतीस बॅगा अंगणात मांडायला लावल्या, खुर्ची टाकून बसले आणि एकेक कोन हाताने दाबून दोन ढीग केले. दुपार गेली त्यात. शेवटी म्हणाले, ‘‘अकरा बॅगा चालतील. सव्वीसचे पैसे भाड्यातून कापू. महिन्याला किती झेपेल?’’ मी आकडा सांगितला. त्यांनी त्यातला निम्मा वहीत लिहिला. सव्वीस बॅगा फिटायला तीन वर्षं लागली. त्या काळात एक गाडी विकली, दुसरी सहा महिने टायरांवाचून उभी होती, पण शेठजींचं सूत एकदाही दुसऱ्याच्या गाडीतून आलं नाही.

आता दोराऐवजी रॅचेटचे पट्टे आहेत. त्याचा फायदा ताकदीपेक्षा वेगळा आहे: माल दबला की दांडा चार वेळा हलवून पट्टा पुन्हा ताणता येतो, पाच मिनिटांत. बांधणी ताडपत्रीच्या वरून, खालून कधीच नाही. मालाच्या कोपऱ्यांवर जुन्या टायरचे तुकडे ठेवतो, म्हणजे पट्टा बॅगेत रुतून ढिला पडत नाही. आणि मधल्या थराला एकदा स्वतंत्र बांधून मग वरचे थर चढवतो. पट्टे घेतले म्हणून थप्पीत हयगय चालत नाही, फुगलेल्या मालावर पट्टाही फसतो. नवीन ड्रायव्हरला पहिला धडा एकच: सपाट जागेवर गाडी लाव, वीस पावलं मागे जा, आणि ताडपत्रीची वरची रेष फाळक्याशी समांतर आहे का बघ. नसेल तर पाटा बघत बसू नको.

मामा आता गाडी चालवत नाहीत. सकाळी यार्डात येतात, भरलेल्या गाडीभोवती फिरतात आणि काठीने एकेक पट्टा ठोकतात. ताणलेला पट्टा टणटण वाजतो. वाजला नाही की नुसते तिथे उभे राहतात, पोरं धावत येतात.

मागच्या महिन्यात सात रस्त्याजवळ सिग्नलला त्या नमस्कार करणाऱ्या गृहस्थाची एक गाडी माझ्या पुढे उभी होती. वर सुताच्या बॅगा, ताडपत्रीची रेष डावीकडे चांगली वीतभर उतरलेली. मी उतरून ड्रायव्हरला सांगितलं. पोरगा चांगला होता, ‘‘व्हय आण्णा, पुढं थांबून बघतो’’ म्हणाला. सिग्नल सुटला आणि तो उजवीकडे वळला.