क्लासची रेफरल स्कीम आखताना: माझा अनुभव

ओळखीतल्या कोणाला आमचा क्लास सुचवला आणि तो आला की फीत सवलत, अशी ही स्कीम. ती जाहीर करण्याआधी तीन महिने आम्ही एकच काम केलं. चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला, त्याला आमचं नाव कोणी सांगितलं हे विचारायचं आणि रजिस्टरात लिहायचं. प्रश्न साधा वाटतो, पण तो कसा विचारतो यावर उत्तर ठरतं. 'क्लासबद्दल कसं कळलं?' म्हटलं की बहुतेक जण 'बोर्ड पाहिला' म्हणतात, कारण आत येताना बोर्ड नुकताच डोळ्यांसमोरून गेलेला असतो. 'आमचं नाव पहिल्यांदा कोणाकडून ऐकलंत?' असं विचारलं की माणूस जरा थांबतो, आठवतो आणि नाव सांगतो. त्या तीन महिन्यांत १२ ऍडमिशन झाल्या. त्यातल्या ७ ओळखीतून आलेल्या, ५ बोर्ड किंवा जाहिरात पाहून.

हा ७ चा आकडा नसता तर पुढचा सगळा हिशेब फसला असता. स्कीम सुरू झाल्यावरच्या तीन महिन्यांत ओळखीतून ११ जण आले. वरवर पाहता स्कीमने ११ विद्यार्थी मिळवून दिले. पण ७ तर स्कीम नसतानाही येतच होते. खरी वाढ ४ ची, आणि बक्षीस मात्र अकराही ऍडमिशनवर द्यावं लागलं. ही वाढ हंगामामुळे तर झाली नाही ना, हे बोर्ड पाहून येणाऱ्यांवरून ताडता येतं. ते आधीही ५ होते आणि आताही ५ च होते. हंगामाचा जोर असता तर तो आकडाही चढला असता. आकडे लहान आहेत, त्यामुळे एकदोन इकडेतिकडे होणार हे धरूनच चालावं.

आता खर्च. एका ऍडमिशनमागे सांगणारा आणि येणारा मिळून एका महिन्याची फी आम्ही सोडायची ठरवली. ११ ऍडमिशन म्हणजे ११ महिन्यांची फी गेली. आमच्याकडे विद्यार्थी सरासरी ९ महिने टिकतो, म्हणजे वाढलेल्या ४ जणांकडून ३६ महिन्यांची फी येते. ११ वजा केले तरी २५ महिन्यांची उरते. चालू बॅचमधल्या रिकाम्या बाकावर आणखी एक जण बसला तर नोट्स आणि टेस्ट पेपर सोडून खर्च फारसा वाढत नाही, म्हणून हे परवडतं. तोच हिशेब तीन महिन्यांच्या क्रॅश कोर्सला लावून पाहिला. ४ विद्यार्थ्यांचे १२ महिने, त्यातून ११ गेले, हाती १ उरला. क्रॅश कोर्स आम्ही स्कीममधून काढला. भरलेली बॅचही काढली, कारण तिथे जागा विकलीच जाणार असते आणि सवलत निव्वळ खिशातून जाते.

बक्षीस कोणाला द्यायचं यावर आमचा पहिला आराखडा चुकला. पूर्ण रक्कम सांगणाऱ्या पालकांना द्यायची, असं ठरवलं होतं. पण पालक ती घ्यायला संकोचायचे. एका आईने स्पष्टच सांगितलं, "मैत्रिणीच्या मुलाचं भलं व्हावं म्हणून मी सांगितलं. त्याचे पैसे घेतले तर तिला काय वाटेल?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. पैसे एकाच बाजूला गेले की सल्ल्याला दलालीचा वास येतो, आणि मैत्रिणीला हे नंतर कळलं तर आपल्या नावालाही बट्टा लागतो. मग रक्कम निम्मी-निम्मी केली. नव्या विद्यार्थ्याला अर्ध्या महिन्याची सवलत, आणि सांगणाऱ्याच्या पुढच्या हप्त्यातून तेवढीच रक्कम वजा. रोख काहीच नाही. आता पालक मोकळेपणाने म्हणू शकतात, 'माझं नाव सांग, तुला अर्धा महिना माफ होईल.' सांगणाऱ्याच्या हातात द्यायला काहीतरी असतं, नुसतं घ्यायला नाही.

हे कधी द्यायचं, यात दुसरी चूक झाली. सुरुवातीला ऍडमिशनच्या दिवशीच दोन्ही सवलती लावल्या. काही मुलं महिना काढून गेली आणि दोन्हीकडची सवलत मात्र देऊन झाली होती. आता नियम असा आहे की नव्या विद्यार्थ्याने दुसऱ्या महिन्याची फी पूर्ण भरली की तिसऱ्या महिन्यात दोघांनाही सवलत. हे पावतीच्या मागे लिहून देतो, म्हणजे 'तुम्ही तेव्हा म्हणाला होतात' असा वाद उभा राहत नाही.

वाद होतात ते दुसऱ्याच कारणाने. ऍडमिशन झाल्यावर पंधरा दिवसांनी कोणीतरी येतं, 'त्यांना मीच सांगितलं होतं.' खरंही असू शकतं, कारण एका घरापर्यंत दोघातिघांकडून नाव पोचतं. म्हणून फॉर्मवर एकच ओळ ठेवली, ती नव्या पालकांनीच भरायची, आणि एकदा भरल्यावर बदलायची नाही. सख्खी भावंडं यात धरत नाही, त्यांना वेगळी सवलत आहेच.

सांगायला कधी म्हणायचं, याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. फी भरताना विषय काढला तर पालकांच्या डोक्यात खर्च असतो. वर्गात मुलांसमोर जाहीर करणं तर आम्ही कटाक्षाने टाळतो, मुलं एकमेकांच्या मागे लागतात आणि ज्याच्या ओळखीचं कोणी आलं नाही तो खट्टू होतो. चाचणीचा निकाल सांगून, मूल कुठे सुधारलं ते दाखवून झालं की तीच वेळ योग्य. मेसेज एवढाच:

'नमस्कार. या चाचणीत बीजगणिताच्या पायऱ्या त्याने एकही न गाळता लिहिल्या. तुमच्या ओळखीत कोणाला गणिताची अडचण असेल तर एक डेमो लेक्चर विनामूल्य बसू देऊ. तुमचं नाव सांगितलं की पुरे.'

पहिलं वाक्य प्रत्येकासाठी वेगळं लिहावं लागतं, त्याला वेळ जातो. सगळ्यांना एकच मजकूर पाठवला की पालक तो जाहिरात समजून सोडून देतात. आणि ज्याच्या मुलाची प्रगती झालेली नाही, त्यांना हा मेसेज पाठवूच नये, त्यांच्याशी मुलाबद्दल बोलावं.

दवाखान्यासाठी ही स्कीम जशीच्या तशी उचलू नका, हे मी मुद्दाम सांगतो. रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे किंवा सवलत देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत बसत नाही आणि अनेक ठिकाणी कायद्यानेही बंदी आहे. आपल्या ठिकाणचा नियम आधी पाहावा. दुसरा धोका सहज नजरेआड होतो. 'तुम्ही पाठवलेले पेशंट आले, धन्यवाद' एवढा निरोपसुद्धा त्या माणसाने उपचार घेतले हे तिसऱ्याला सांगून टाकतो. दवाखान्यात करण्यासारखं म्हणजे निघताना प्रत्येकाला वेळा, पत्ता आणि कोणते आजार तपासले जातात हे लिहिलेलं कार्ड द्यायचं, एकाऐवजी दोन. आणि दोनतीन दिवसांनी फोन करून बरं वाटतंय का ते विचारायचं. बक्षीस काही नाही. 'कोणाकडून ऐकलंत?' हा प्रश्न मात्र तिथेही विचारता येतो. उत्तर दवाखान्यातच ठेवायचं, त्यावर कोणाला कळवायचं नाही.

क्लासच्या स्कीमला आम्ही मुदत घातली आहे, बॅच भरेपर्यंत किंवा चार महिने, जे आधी होईल ते. मुदत संपली की तीन महिने स्कीम बंद ठेवून ओळखीतून येणाऱ्यांचा आकडा पुन्हा मोजतो. तो ७ च्या आसपास आला तर स्कीमचा उपयोग होत होता असं धरतो. तो ११ वरच राहिला, तर सवलत न देताही तेवढेच येतात.