ब्लॉक्ड अकाउंट भरलं, मग अजून किती?

"ताई, मुलगी ऑक्टोबरला जर्मनीला निघालीय. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे भरायचेत. तेवढ्यात पहिले महिने निघतील ना? बाकीचं ती पार्ट-टाइममधून भागवेल म्हणते."

पहिला महिना त्यात निघत नाही. साधारण २,००० युरो वेगळे ठेवा, आणि पार्ट-टाइमची कमाई जानेवारीपर्यंत शून्य धरा.

व्हिसासाठी या खात्यात वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात, पण हातात मिळतात महिन्याला ९९२. तेही लगेच नाही. आधी खोली, मग महापालिकेत पत्त्याची नोंदणी, मग इथल्या बँकेत खातं आणि त्यानंतर पहिला हप्ता. या सगळ्यात तीन-चार आठवडे सहज जातात, आणि नेमके सगळ्यात मोठे खर्च त्याच आठवड्यांत येतात.

पुण्याहून २०२५च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या एका मुलीचा हिशेब तिला विचारून सांगते. शहर लहान, पूर्वेकडचं. तिघींच्या फ्लॅटमधली खोली, भाडं ४२० युरो. जाहिरातीत ३५० दिसत होतं. ते नुसत्या जागेचं, ज्याला इथे 'काल्ट' म्हणतात. हीटिंग, पाणी वगैरे धरून होतं ते 'वार्म', आणि बजेटमध्ये तोच आकडा धरायचा. डिपॉझिट दोन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढं, म्हणजे ७०० (कायद्याने तीन महिन्यांपर्यंत मागता येतं). सेमिस्टरची वर्गणी २५०, त्यातच बस-ट्रामचा पास. आरोग्यविमा १४५. गादी, पांघरूण, भांडी १५०. जेवणखाण २२०. बेरीज १,८८५ युरो, आणि ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता आला महिना संपताना.

नोव्हेंबरपासून मात्र गाडी रुळावर येते. भाडं, विमा, किराणा, फोनचे १० आणि रेडिओ-टीव्ही शुल्काचा तिचा वाटा ६, असे ८०१ युरो. उरलेले १९० खर्चायचे नाहीत. त्यातूनच रेसिडेन्स परमिटचे १०० जातात आणि पुढच्या सेमिस्टरची वर्गणी निघते.

फीचं थोडक्यात: बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत त्याहून जास्त. ऑफर लेटर त्यासाठी नीट वाचा.

आता नोकरी. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी असते. २०२६मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे आणि 'मिनीजॉब', म्हणजे ठरावीक कमाईपर्यंतचं छोटं काम, त्याची मर्यादा महिन्याला ६०३ युरो, म्हणजे महिन्याला त्रेचाळीसेक तास. कागदावर छान दिसतं. पण टॅक्स नंबर पोस्टाने येईपर्यंत वाट बघावी लागते, जर्मन कच्चं असेल तर गोदाम किंवा हॉटेलचं स्वयंपाकघर एवढेच पर्याय उरतात, आणि पगार महिनाअखेरीस. या मुलीचा पहिला पूर्ण पगार जानेवारीअखेर आला. लगेच फेब्रुवारीत परीक्षा, तेव्हा तास निम्मे. ६०३ पूर्ण मिळाले तरी ८०१ भागत नाहीत. पार्ट-टाइमवर भाडं अवलंबून ठेवलं, की मुलं लेक्चर बुडवून शिफ्ट घेतात. मी हे वारंवार पाहते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

राहिला युरोचा भाव. हिच्या वडिलांनी २०२५च्या फेब्रुवारीत कर्ज मंजूर करून घेतलं तेव्हा युरो नव्वदच्या आसपास होता: ११,९०४ युरोंचे १० लाख ७१ हजार. ऑगस्टअखेर पैसे पाठवताना भाव १०२. तेच युरो १२ लाख १४ हजारांना पडले. सव्वा लाखाहून जास्त फरक, आणि कर्जाची रक्कम रुपयांत ठरलेली. तो फरक घरच्या एफडीतून गेला. म्हणून मंजुरी घेतानाच दहा-पंधरा टक्के जास्त मागा. न लागलेली रक्कम उचलायची नाही. बँकेचा भावही टीव्हीवरच्या भावापेक्षा महाग असतो, तेव्हा हिशेब बँकेच्या भावाने करा. पाठवताना मधल्या बँकांचं शुल्क आपल्याकडून भरायचा पर्याय निवडा. नाहीतर तिकडे वीस-तीस युरो कमी पोचतात, आणि रक्कम पूर्ण झाल्याशिवाय व्हिसाला लागणारं पत्र मिळत नाही.

एकदा युरो खात्यात पोचले, की त्या वर्षापुरती भावाची धास्ती संपते. परमिट वाढवताना पुढच्या वर्षाची सोय पुन्हा दाखवावी लागते. तिथे मात्र मुलीचा पगार धरता येतो, आणि तो युरोतच असतो. वडिलांनी आता दर दोन-तीन महिन्यांनी थोडे थोडे युरो पाठवायला सुरुवात केलीय, म्हणजे सगळी रक्कम एकाच दिवसाच्या भावात अडकणार नाही. तुम्हीही पहिल्या वर्षाचं ब्लॉक्ड अकाउंट प्रवेश पक्का झाला की लगेच भरा. भाव उतरेल म्हणून ऑगस्टपर्यंत थांबू नका.