आमची वाटचाल: ‘निरोप मिळाला का?’ या एका प्रश्नामागची काही वर्षं

आम्ही तिघं मिळून कार्यशाळा, व्याख्यानं आणि प्रशिक्षण वर्गांच्या नोंदणीचं काम करतो. कार्यक्रम दुसऱ्याचा असतो. नावं घेणं, जागा पक्की झाल्याचं कळवणं आणि त्या दिवशी दाराशी टेबल मांडून बसणं एवढं आमचं. सुरुवातीला वाटायचं की यात अवघड काय आहे? नाव आलं, मेसेज गेला, काम झालं.

तो समज एका कार्यक्रमाच्या सकाळी मोडला. एक आजोबा टेबलाशी आले, कीपॅडचा फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, “बाळा, हे काय पाठवलंयस ते तूच वाच बरं.” पडद्यावर ओळीने चौकोन होते. आमचा मेसेज देवनागरीत होता आणि त्या फोनात देवनागरीचा फाँटच नव्हता. आमच्या यादीत मात्र त्यांच्या नावापुढे ‘पोचला’ असं ठळक लिहिलेलं होतं. खोटं नव्हतं ते, चौकोन पोचलेच होते.

त्यानंतर आम्ही जे केलं ते आता आठवलं की हसू येतं. फॉर्मवर वय होतंच, म्हणून वयाप्रमाणे वाटणी केली. साठीच्या पुढच्यांना साधा एसएमएस, मधल्यांना व्हॉट्सॲप, विद्यार्थी आणि नोकरदारांना ईमेल. कागदावर अगदी शहाणपणाची वाटणी वाटत होती, पण दोन-तीन कार्यक्रमांतच तिन्ही गटांत ती उसवली.

साठीच्या पुढचे बरेच जण दिवसभर व्हॉट्सॲपवरच असतात असं दिसलं. एसएमएसचा डबा ते उघडतच नाहीत, कारण त्यात जाहिराती आणि ओटीपीच साचलेले असतात. विद्यार्थ्यांचा ईमेल म्हणजे कुठेतरी लॉगिन करायला लागतो म्हणून काढलेला पत्ता. तो असतो, पण ते तिथे फिरकत नाहीत. नोकरदारांची गोष्ट आणखी वेगळी. ऑफिसचा मेल ते दर दहा मिनिटांनी बघतात, पण सोमवार ते शुक्रवार. आमचे कार्यक्रम बहुतेक रविवारी. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेली आठवण त्यांनी सोमवारी वाचली आणि वर “आधी कळवायला हवं होतं” असं उत्तरही पाठवलं.

सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच होती आणि ती लक्षात यायला उशीर लागला. बऱ्याच वडीलधाऱ्यांची नोंदणी त्यांची मुलं करतात. फॉर्मवर वय बाहत्तर आणि नंबर मुलाचा. आम्ही वय बघून एसएमएस पाठवतो, तो भलत्याच गावी मीटिंगमध्ये बसलेल्या मुलाला जातो, आणि ज्यांना यायचं आहे त्यांना सभागृहाचा क्रमांकच कळत नाही. वयाच्या रकान्यावरून हे कधीच कळलं नसतं. म्हणून फॉर्मवर दोन प्रश्न वाढवले: ‘निरोप कुठे पाठवू?’ आणि ‘हा फोन कार्यक्रमाला येणाऱ्याच्याच हातात असतो का?’ दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर येणाऱ्याचा नंबर वेगळा मागतो. पहिल्या प्रश्नापेक्षा दुसऱ्यानेच आमचे जास्त घोळ वाचवले, असं माझं मत आहे.

व्हॉट्सॲपच्या बाबतीत आधी आम्ही साध्या बिझनेस ॲपवरून ब्रॉडकास्ट लिस्ट करून पाठवत होतो. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, आमची माणसं त्याहून कमी, म्हणून निवांत होतो. पण ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच जातो. पहिल्यांदाच नाव नोंदवणारा माणूस आमचा नंबर कशाला जतन करेल? म्हणजे ज्याला निरोपाची सर्वांत जास्त गरज, नेमका त्यालाच तो मिळत नव्हता. एकदा कंटाळून सगळ्यांचा ग्रुपच केला. तासाभरात एका ताईंचा फोन आला, “माझा नंबर शंभर अनोळखी माणसांना तुम्ही कुणाला विचारून दाखवलात?” उत्तर नव्हतं. त्याच संध्याकाळी ग्रुप बंद केला. आता एकेकाला स्वतंत्र मेसेज जातो आणि नोंदणी करतानाच त्याची परवानगी घेतलेली असते.

एसएमएसमध्ये आम्ही शिकलो ते अक्षरं मोजायला. रोमन लिपीत एका मेसेजात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त 70. त्यातही मोजणी आपल्या डोळ्यांसारखी नसते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पायमोड हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘नोंदणी’ आपल्याला तीन अक्षरी शब्द, फोनच्या हिशेबात सहा. सत्तरच्या पुढे गेलात की मेसेजचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यात 67च अक्षरं मिळतात आणि पैसे तुकड्यांवर लागतात. रोमनमध्ये लिहिलं तरी निर्धास्त राहता येत नाही. एखादं इमोजी, किंवा दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरातलं वळणदार अवतरणचिन्ह आत आलं, की अख्खा मेसेज सत्तरच्या हिशेबात जातो. एका महिन्यात आमचं बिल जवळजवळ दुप्पट आलं ते अशा एका अवतरणचिन्हामुळे. ते शोधायला माझ्या भागीदाराला एक अख्खी दुपार लागली.

बरीच काटछाट करून आमचा मजकूर असा उरला:

‘नोंदणी पक्की. रवि 14, स. 10, सभागृह 2. नोंदणी क्र. 57. फोन’

ही 58 अक्षरं. पुढे एक मोकळी जागा आणि दहा आकडी नंबर धरून 69. नमस्कार नाही, आभार नाहीत, कार्यक्रमाचं लांबलचक नाव नाही. आयोजकांना हे कोरडं वाटतं आणि दर वेळी कुणीतरी ‘सस्नेह’ घालायचा आग्रह धरतं. त्यांना मी ‘सस्नेह’ची सहा अक्षरं मोजून दाखवतो. शेवटचा फोन नंबर मात्र काढता येत नाही, कारण संस्थेच्या नावाने जाणाऱ्या एसएमएसला उलट उत्तर देता येत नाही. ज्यांच्याकडे जुना कीपॅडचा फोन आहे त्यांच्यासाठी हाच मजकूर रोमन लिपीत ठेवला आहे. वाचायला थोडा अवघड, पण निदान चौकोन येत नाहीत.

ईमेलवर आम्ही तेवढी मेहनत घेतली नाही, हे कबूल करतो. एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. पूर्वी मेलच्या विषयात ‘आपली नोंदणी’ असं गुळमुळीत लिहायचो, आता तारीख, वेळ आणि सभागृह विषयातच येतं. मेल उघडला नाही तरी यादीत नजरेला पडतो आणि शोधला तर सापडतो. सोबत कॅलेंडरची `.ics` फाइल जोडतो. ज्यांचा दिवस कॅलेंडरवर चालतो त्यांना तेवढी पुरते. मेल उघडला की नाही हे दाखवणाऱ्या आकड्यांवर आम्ही विसंबत नाही, कारण काही मेल ॲप माणसाने न उघडताच आतली चित्रं आधी उतरवून ठेवतात आणि मेल उघडल्याची नोंद होते.

हे सगळं एकत्र कसं चालतं ते एका कार्यशाळेवरून सांगतो. 118 नावं होती. निरोप कुठे हवा यावर 71 जणांनी व्हॉट्सॲप, 29 जणांनी एसएमएस आणि 18 जणांनी ईमेल निवडला. मंगळवारी सकाळी सगळीकडे निरोप गेला. व्हॉट्सॲप आणि ईमेलवाल्यांना शेवटी एकच विनंती होती, ‘येणार असाल तर हो एवढंच लिहा.’ निळी टिक आम्ही मोजत नाही. ती अनेकांनी बंद करून ठेवलेली असते, आणि चालू असली तरी वाचलं म्हणजे लक्षात राहिलं असं थोडंच आहे?

बुधवारी सकाळपर्यंत व्हॉट्सॲपच्या 71 पैकी 7 जणांपुढे एकच टिक होती. दोन टिक असून ‘हो’ न आलेले 11 होते. या दोन गटांना आम्ही वेगळं वागवतो. एक टिक म्हणजे मेसेज त्या फोनवर उतरलेलाच नाही: नेट बंद, फोन बंद किंवा कदाचित त्यांनी आम्हाला ब्लॉक केलेलं. तिथे पुन्हा व्हॉट्सॲप पाठवण्यात अर्थ नाही, लगेच एसएमएस जातो. दोन टिकवाल्यांकडे मेसेज आहे, पण दीडशे सुप्रभातांखाली गाडला गेलेला. त्यांना शनिवारी संध्याकाळी त्याच जागी पुन्हा पाठवला की तो वर येतो.

ईमेलचे दोन परत आले. एकाने पत्त्यात `gmail`चं `gmial` केलं होतं, दुसऱ्याची पेटी भरलेली होती. एसएमएसमध्ये तिघांपुढे ‘प्रलंबित’ होतं. त्यातल्या एका मावशींना फोन केल्यावर कळलं की फोनमधली मेसेजची जागा भरली आहे, जुने काढल्याशिवाय नवा आत येत नाही. फोनवर बोलत बोलत त्यांनी दहा-बारा मेसेज पुसले आणि मधेच म्हणाल्या, “अगं बाई, आला की तुझा!”

शुक्रवार दुपारपर्यंत फक्त 9 जणांना प्रत्यक्ष फोन करावा लागला. पूर्वी आम्ही सगळ्यांनाच फोन करायचो आणि दोन दिवस घसा बसायचा.

सकाळच्या आठवणीचं गणित मात्र वेगळं आहे. कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही ईमेल वापरतच नाही, ज्यांनी ईमेल निवडला त्यांनाही सकाळी आठला एसएमएसच जातो. रस्त्यात नेट नसलं तरी तो उघडतो आणि दाराशी शोधायला लागत नाही, कारण ताजाच आलेला असतो. व्हॉट्सॲपवाल्यांना त्या वेळी जागेचं लोकेशन पाठवतो. एसएमएसवाल्यांना पाठवत नाही, लिंक घातली की सत्तर अक्षरांचं सगळं गणित कोलमडतं.

एक घोळ अजून पुरता सुटलेला नाही, तो म्हणजे नवरा-बायकोत एकच फोन. दोन नोंदण्या, एक नंबर. आमची प्रणाली पूर्वी दुसरा निरोप ‘दुबार’ समजून गाळायची. ते दुरुस्त केलं, आता एकाच मेसेजात दोन्ही क्रमांक जातात. पण मागच्या कार्यक्रमाला काका फोन घेऊन पार्किंगमध्ये गाडी लावायला गेले आणि काकू रिकाम्या हाताने टेबलापुढे उभ्या राहिल्या. “क्रमांक यांच्याकडे आहे हो,” म्हणाल्या. मी आडनावावरून कागदी यादीत त्यांना शोधलं. ती यादी बंद करायचं दोन वर्षांपासून ठरतंय, अजून दर वेळी छापून नेतोच.