तीन सफरचंदं, पाण्याच्या दोन बाटल्या

वाक्य साधं होतं: "मी तीन सफरचंदं आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या." पुण्यातल्या आमच्या संध्याकाळच्या जपानी वर्गात ते भाषांतराला आलं. मी लिहिलं, "सान रिंगो तो नी मिझु ओ काइमाशिता." सेन्सेईंनी दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली. "अगं, तीन काय? दोन काय?"

मोजताना जपानीत आकड्याला मोजणीचा शब्द जोडावा लागतो, आणि तो बरेचदा वस्तूच्या आकारावरून ठरतो. सफरचंदासारख्या लहान, गोलसर वस्तूला 'को'. लांबट वस्तूला 'होन', म्हणून बाटली, पेन, छत्री, केळं सगळं होनमध्ये. कागद, शर्ट, ताट यांना 'माय'. जागाही ठरलेली: वस्तू, मग 'ओ', मग संख्या, शेवटी क्रियापद. सुधारलेलं वाक्य झालं, "रिंगो ओ सान्को तो मिझु ओ निहोन काइमाशिता." यात बाटली हा शब्दच नाही. 'निहोन'वरूनच ऐकणाऱ्याला बाटल्या कळतात. मला हे फार आवडलं.

शब्द आठवला नाही तर 'हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु' ही मालिका वस्तूंना चालते. पण ती दहापर्यंतच, आणि माणसांना किंवा प्राण्यांना ती लावायची नाही.

माझा खरा वेळ गेला उच्चारात. एक बाटली 'इप्पोन', दोन 'निहोन', तीन 'सान्बोन', चार 'योन्होन'. एक, सहा, आठ, दहाला 'ह'चा 'प' होतो, तीनला 'ब', बाकी ठिकाणी 'ह' तसाच. मी हे रोज पेन्सिली मोजत म्हणायचे. मग मांजर-कुत्र्यांच्या 'हिकि'शी गाठ पडली तेव्हा वेगळं पाठांतर लागलंच नाही: इप्पिकि, निहिकि, सान्बिकि, योन्हिकि. बदलाच्या जागा त्याच. गाय-घोड्यासारख्या मोठ्या जनावरांना मात्र 'तो', पक्ष्यांना 'वा'. आणि ससाही परंपरेने 'वा'मध्येच मोजतात, हे वहीत मी लाल शाईने लिहिलं.

माणसांपाशी मराठी कामाला आली. आपण दोन माणसं मोजताना 'दोघं' म्हणतो, पुढे तिघं, चौघं, आणि मग पाच जण. जपानीतही एकाला 'हितोरी', दोघांना 'फुतारी' असे खास शब्द, आणि तिसऱ्यापासून 'निन' लागतं: सान्निन. 'जण' आठवला की 'निन' आपोआप येतं. चौघांना मात्र 'योन्निन' नाही, 'योनिन'.

वर्गात हॉटेलचा प्रसंग करताना सेन्सेईंनी दारात विचारलं, "नान्मेइसामा देसु का?" म्हणजे किती जण आहात? गिऱ्हाइकांसाठीचा आदराचा शब्द 'मेइसामा'. आपल्याबद्दल सांगताना तो घ्यायचा नसतो. मी म्हटलं, "योनिन देसु." या वेळी त्यांनी रेघ मारली नाही, आम्हा चौघांना आत बसवलं.