सिटीज: स्कायलाइन्समधली ‘मृत्यूची लाट’ कशी ओसरली

सिटीज: स्कायलाइन्स या शहर उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये माझ्या शहराच्या पूर्वेला नवं उपनगर वसलं तेव्हा सगळं छान चाललं होतं. स्क्रीनवरच्या मागणीच्या पट्ट्यांमध्ये हिरवी पट्टी, म्हणजे घरांची मागणी, अगदी वर गेली होती. मी रस्त्यांची जाळी टाकली आणि दोन्ही बाजूंना रहिवासी झोन रंगवला, म्हणजे ती जागा घरांसाठी राखली. या गेममध्ये झोन रस्त्यापासून चार चौकोनांपर्यंतच लागतो, त्यामुळे रस्ते जवळजवळ घातले की एकही जागा रिकामी राहत नाही. घरं भराभर उभी राहिली, करही वाढला. मग बरीच वर्षं काहीच झालं नाही.

एके दिवशी त्या उपनगरावर कवटीची चिन्हं दिसायला लागली. आधी चार-पाच, मग गल्लीच्या गल्लीवर. घरात मृतदेह पडून आहे आणि न्यायला कुणी आलेलं नाही, असा त्या चिन्हाचा अर्थ. फार वेळ गेला की लोक घर सोडून जातात आणि इमारत ओसाड पडते. ओसाड इमारतीतून कर येत नाही.

आजार पसरला असेल असं पहिल्यांदा वाटतं, पण आरोग्याचा नकाशा हिरवाच होता. खरं कारण झोनिंगमध्ये होतं. २०१५ साली आलेल्या या गेममध्ये प्रत्येक नागरिकाला वय असतं. नव्या घरात राहायला येतात ती बहुतेक तरुण कुटुंबं. शेकडो घरं एकदम भरली की शेकडो जण एकाच वयाचे होतात, एकत्र म्हातारे होतात आणि थोड्याच काळात एकापाठोपाठ एक जातात. खेळाडू याला ‘डेथ वेव्ह’ म्हणतात. लोकसंख्येच्या माहितीत ज्येष्ठांचा वाटा आधीच फुगलेला दिसतो. लाट येणार हे ओळखायची तीच खूण, आणि ती कवट्यांच्या कितीतरी आधी दिसते.

मग मी शवदाहिनीवर क्लिक करून शववाहिन्यांचा आकडा पाहिला. सगळ्या गाड्या बाहेर होत्या. इथे थांबून विचार करायला हवा, कारण ‘गाड्या कमी पडतायत’ आणि ‘गाड्या अडकल्यायत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वरून सारख्याच दिसतात. मी एका शववाहिनीवर कॅमेरा लावून तिच्या मागे गेलो. ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाकडून निघाली होती आणि उपनगराच्या एकमेव तोंडाशी ट्रकांच्या मागे उभी राहिली. गेममधली गाडी आपला मार्ग निघतानाच ठरवते. पुढे कोंडी झाली म्हणून वाटेत तो बदलत नाही. शववाहिनीसाठी बाकीची वाहनं बाजूलाही होत नाहीत.

बजेटचा स्लायडर ओढायचा मोह होतोच. आरोग्यसेवेचं बजेट १५० टक्क्यांपर्यंत नेता येतं आणि शववाहिन्या त्यातच येतात. पण दीडपट पैसे दिले तरी सेवा साधारण सव्वापटच होते. शिवाय ज्या गाड्या कोंडीतच अडकणार त्यांची संख्या वाढवून फायदा नव्हता. म्हणून आधी रस्ता. उपनगराच्या मागच्या बाजूने दुसरा जोडरस्ता काढला, तो औद्योगिक भागापासून पूर्ण वेगळा ठेवला. नवी शवदाहिनी उपनगराच्या आतच बांधली, म्हणजे निदान तिच्या गाड्यांना ते तोंड ओलांडावंच लागत नव्हतं. त्यानंतर बजेट १५० केलं, तेही लाट ओसरेपर्यंतच.

उत्पन्न तोवर खाली आलं होतं. तरी कर ९ टक्क्यांवरच ठेवला. तो १२-१३च्या वर नेला की लोक तक्रारी करतात आणि मागणी पडते, आणि मला तर रिकामी घरं पुन्हा भरायची होती.

खरी कसोटी यानंतरची होती. कवट्या कमी झाल्या आणि हिरवी पट्टी पुन्हा वर चढली, कारण इतकी घरं एकदम रिकामी झाली होती. ती तशीच भरू दिली असती तर नवे रहिवासीही एकाच वयाचे आले असते आणि तीच लाट काही वर्षांनी परत आली असती. ओसाड इमारती आपोआप जात नाहीत, त्या बुलडोझरने पाडाव्या लागतात. त्या पाडल्या आणि लगेच त्यांच्या जागेवरचा झोनही पुसला. मग एकेक गल्ली पुन्हा रंगवत गेलो. एक गल्ली भरली, जरा काळ जाऊ दिला, मग पुढची. हिरवी पट्टी वर आहे म्हणून घाई करायची नाही, हे मनाला पटवणं सर्वात अवघड गेलं, कारण वाढीव मागणी म्हणजे हातचं उत्पन्न जातंय असंच वाटत राहतं.

लाट पूर्ण नाहीशी होत नाही. ज्या घरांना मी हात लावला नाही, तिथे माणसं गेली की नवी कुटुंबं अजूनही एकदमच येतात. पण आता लोकसंख्येचा आलेख दरीसारखा कोसळत नाही, नुसता हलका लवतो, आणि आरोग्याचं बजेट पुन्हा १०० वर आणूनही गाड्या वेळेवर पोहोचतात.